उणे तेरा मीटर रुंदीची बाग: फोटोतून आलेलं वर्गसमीकरणाचं गणित कसं सोडवायचं

मी चोपडा तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात दहावीच्या मुलांची संध्याकाळची शिकवणी घेते. मुलं अडली की वहीचा फोटो काढून पाठवतात. वर्गसमीकरणांचा धडा सुरू झाला की रोज रात्री एक तरी फोटो बागेचा असतोच, म्हणजे बागेच्या गणिताचा. मागच्या आठवड्यात असाच एक आला. पान वाकडं, वरून मोबाइलची सावली, आणि मजकूर असा:

“एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा 6 मीटरने … आहे. बागेचे क्षेत्रफळ 260 चौमी असल्यास बागेची लांबी व रुंदी काढा.”

ठिपके दिलेत तिथला शब्द सावलीत गेला होता. खाली मुलीने गणित अर्ध्यापर्यंत सोडवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, “x = 10 किंवा x = −13. मॅडम, रुंदी 10 धरू की 13?”

या एका प्रश्नात नवशिक्याच्या सगळ्या अडचणी आहेत, म्हणून हेच गणित धरून पहिल्यापासून जाऊ. अवयव पाडणं बहुतेकांना जमतं. घोटाळा होतो तो त्याच्या आधी, म्हणजे फोटो वाचताना, आणि त्याच्या नंतर, म्हणजे ऋण उत्तर हातात आल्यावर.

आधी फोटो नीट वाचा

फोटोकडे बघत बघत गणित सोडवायला घेऊ नका. फोटो मोठा करा आणि गणित शब्दन् शब्द आपल्या वहीत उतरवून घ्या. उतरवताना जे दिसत नाही ते आपोआप कळतं. नुसतं वाचताना डोळा ते गाळून पुढे जातो.

तीन गोष्टी तपासायच्या. पहिली गोष्ट म्हणजे आकडे. पुसट फोटोत 6 आणि 8 सारखे दिसतात. हाताने लिहिलेलं असेल तर मराठी १ आणि ९ यांत गफलत होते, आणि मराठी ४ घाईत इंग्रजी 8 सारखा वाचला जातो. दुसरी गोष्ट एकक. 260 च्या पुढे ‘चौमी’ आहे की नुसतं ‘मी’, हे बघा. चौमी असेल तर ते क्षेत्रफळ, मी असेल तर बहुधा परिमिती, आणि मग गणितच वेगळं. तिसरी गोष्ट म्हणजे ‘जास्त’ की ‘कमी’. हा शब्द सगळ्यात धोक्याचा आहे.

आकडा चुकीचा वाचला तर बहुतेक वेळा गणितच तुम्हाला सांगतं. इथे 260 ऐवजी 280 वाचलं असतं, तर आपण पुढे मांडणार आहोत ते समीकरण x² + 3x − 140 = 0 झालं असतं. त्याचा विवेचक, म्हणजे b² − 4ac, येतो 9 + 560 = 569. ही पूर्ण वर्गसंख्या नाही, कारण 23 चा वर्ग 529 आणि 24 चा 576. त्यामुळे अवयव पडत नाहीत. अवयव पाडायला सांगितलेल्या गणितात असं झालं, तर आकडेमोडीला दोष देण्याआधी फोटो पुन्हा बघा. पण हा इशारा आहे, पुरावा नाही. खऱ्या शेताच्या मोजणीत विवेचक पूर्ण वर्ग निघणं हाच योगायोग असतो.

‘जास्त’च्या जागी ‘कमी’ वाचलं तर मात्र हा इशारा मिळत नाही. मधल्या पदाचं चिन्ह तेवढं बदलतं, +3x चं −3x होतं, आणि b चा वर्ग दोन्हीकडे 9 च राहतो. विवेचक तोच, अवयव सुरेख पडतात, उत्तर पूर्णांकात येतं, आणि तरीही ते दुसऱ्याच बागेचं असतं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका अंधूक फोटोवरून मी ‘कमी’ असं वाचलं, मुलाला पूर्ण गणित लिहून पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन दारात उभा: “मॅडम, मागे उत्तर दुसरंच दिलंय.” तेव्हापासून हा शब्द स्पष्ट दिसल्याशिवाय मी पेन उचलत नाही.

म्हणून त्या मुलीलाही आधी दुसरा फोटो मागितला. फोटो काढताना वही सपाट ठेवायची आणि मोबाइल पानाच्या बरोबर वर धरायचा. दिवा आपल्या पाठीशी असेल तर आपली आणि मोबाइलची सावली पानावर पडते, म्हणून उजेड बाजूने घ्यायचा. गणित पहिल्या शब्दापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत एकाच फोटोत यायला हवं. दुसरा फोटो आला आणि शब्द दिसला: ‘जास्त’.

x म्हणजे काय, ते एका ओळीत लिहा

वाक्य आहे “लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा 6 मीटरने जास्त”. लांबी रुंदीवर अवलंबून आहे, म्हणून रुंदीला x म्हणा. पहिली ओळ अशी लिहा:

बागेची रुंदी x मी मानू. रुंदी असल्याने x > 0.

दुसरं वाक्य बहुतेक मुलं लिहीत नाहीत. ते लिहायचा माझा आग्रह का, ते पुढे कळेल.

आता लांबी. ‘दुपटीपेक्षा 6 ने जास्त’ म्हणजे आधी दुप्पट, मग 6 मिळवा: 2x + 6. इथे 2(x + 6) लिहिण्याची चूक फार होते. शंका आली तर एखादी साधी संख्या घालून बघा. रुंदी 10 असती तर तिची दुप्पट 20, आणि त्याहून 6 जास्त म्हणजे 26. 2x + 6 मध्ये 10 घातले की 26 येतात, 2(x + 6) मध्ये 32 येतात. तेव्हा पहिलं बरोबर.

या टप्प्यावर वहीत एक आयत काढा, आखूड बाजूवर x आणि लांब बाजूवर 2x + 6 लिहा. आकृती मापात नसली तरी चालते. तिचं काम एवढंच की पुढे x ची किंमत आली की ती कोणत्या बाजूची हे विसरायचं नाही.

या गणितावर एका मुलाने मला विचारलं होतं, “मॅडम, एवढ्याशा जागेत बाग?” आमच्याकडे बाग म्हटलं की केळीचीच डोळ्यासमोर येते, त्यामुळे त्याचा प्रश्न रास्त होता. एक गुंठा म्हणजे साधारण 101 चौमी, तेव्हा 260 चौमी म्हणजे अडीच गुंठ्यांहून किंचित जास्त. दीड मीटर बाय दीड मीटरवर केळी लावली तर एका खोडाला सव्वादोन चौमी जागा लागते, म्हणजे जेमतेम 115 खोडं बसतील. ही शेतातली बाग नाही, घराशेजारची परसबाग आहे. असा अंदाज मनात असला की उत्तर 10 मीटरच्या आसपास यायला हवं, 100 च्या नाही, हे आधीच ठाऊक असतं.

समीकरण मांडा आणि 260 डावीकडे आणा

आयताचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी. म्हणून:

x(2x + 6) = 260

काही मुलं इथेच x = 260 किंवा 2x + 6 = 260 असं लिहून मोकळी होतात. पुढे अवयव पाडल्यावर आपण प्रत्येक कंस शून्याबरोबर मांडतो ना, तीच रीत ती इथे लावतात. पण ती रीत फक्त शून्यालाच लागू पडते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांतली एक तरी शून्य असलीच पाहिजे. गुणाकार 260 असेल तर असं काहीच सांगता येत नाही. 10 गुणिले 26 असेल, 13 गुणिले 20 असेल, 5 गुणिले 52 असेल. म्हणून कंस सोडवायचा, 260 डावीकडे आणायचे आणि उजवीकडे शून्य ठेवायचं:

2x² + 6x − 260 = 0

तिन्ही पदांना 2 ने भाग जातो. भागून घ्या:

x² + 3x − 130 = 0

अवयव पाडा

अशा दोन संख्या हव्यात, ज्यांचा गुणाकार −130 आणि बेरीज +3. गुणाकार ऋण आहे म्हणजे एक संख्या धन, एक ऋण. म्हणून 130 च्या अशा जोड्या शोधा, ज्यांच्यात फरक 3 आहे: 1 आणि 130, 2 आणि 65, 5 आणि 26, 10 आणि 13. शेवटची जोडी हवी ती. बेरीज धन हवी, म्हणून मोठी संख्या धन: +13 आणि −10.

x² + 13x − 10x − 130 = 0
x(x + 13) − 10(x + 13) = 0
(x + 13)(x − 10) = 0
x = −13 किंवा x = 10

अवयव सुचले नाहीत तर सूत्र आहेच. विवेचक 9 + 520 = 529, त्याचं वर्गमूळ 23. मग x = (−3 + 23)/2 = 10 किंवा x = (−3 − 23)/2 = −13. उत्तरं तीच.

आता ते −13

त्या मुलीचा प्रश्न इथला होता, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय तेही इथेच.

पहिली गोष्ट, −13 ही आकडेमोडीतली चूक नाही. समीकरणात घालून बघा. (−13)² म्हणजे 169. 3 गुणिले −13 म्हणजे −39. 169 − 39 − 130 = 0. अगदी चोख बसतं. इतकंच काय, क्षेत्रफळसुद्धा बरोबर येतं. x = −13 घेतलं तर लांबी 2(−13) + 6 = −20, आणि (−13) × (−20) = 260. ऋण गुणिले ऋण धन, म्हणून दोन्ही बाजू उणे असूनही गुणाकार 260 आला.

मग हे मूळ आलं कुठून? आपण समीकरण मांडलं तेव्हा त्यात दोनच गोष्टी घातल्या होत्या: एक संख्या दुसरीच्या दुपटीपेक्षा 6 ने जास्त आहे, आणि दोघींचा गुणाकार 260 आहे. या संख्या बागेच्या बाजू आहेत, त्या जमिनीवर टेप लावून मोजायच्या आहेत, हे समीकरणात कुठेही नाही. समीकरणाने दिलेल्या अटी पाळणाऱ्या सगळ्या संख्या शोधून दिल्या. बागेची अट आपण वेगळी लिहून ठेवली होती: x > 0. आता तीच कामाला येते. −13 ही संख्या समीकरण पाळते, पण x > 0 ही अट मोडते, म्हणून ती सोडायची. पहिल्या ओळीत ती अट लिहिली असेल तर इथे कारण शोधावं लागत नाही. वहीत असं लिहा:

x = −13 घेतल्यास रुंदी ऋण येते. बागेची रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून x ≠ −13.
∴ x = 10

नुसतं −13 वर काट मारू नका आणि गुपचूप खालच्या ओळीवरही जाऊ नका. दोन उत्तरं निघाली आणि त्यातलं एक का घेतलं, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

चिन्ह पुसून 13 घेतलं तर?

मूळ सोडणं वेगळं आणि त्याचं चिन्ह पुसणं वेगळं. त्या मुलीने ‘10 धरू की 13’ असं विचारलं होतं. उणे चिन्ह तिने मनातल्या मनात पुसून टाकलं होतं. तिचं म्हणणं होतं, “मॅडम, मीटर उणे नसतात, म्हणून मी नुसते 13 घेतले.” हा विचार बऱ्याच मुलांच्या मनात असतो, म्हणून तो शेवटपर्यंत तपासून पाहू.

रुंदी 13 घेतली तर लांबी 2 × 13 + 6 = 32. क्षेत्रफळ 13 × 32 = 416 चौमी. गणितात तर 260 आहे. इथे चूक लगेच पकडली जाते. पण काही मुलं दोन्ही बाजूंची चिन्हं पुसतात: −13 चे 13, −20 चे 20. मग 13 × 20 = 260, आणि क्षेत्रफळ जुळलं म्हणून ती खूश होतात. ताळा तिथेच थांबवला तर चूक सापडत नाही. दुसरी अट पण बघा: 13 ची दुप्पट 26, आणि लांबी 20. म्हणजे लांबी दुपटीपेक्षा 6 ने जास्त नाही, 6 ने कमी आहे.

म्हणजे चिन्ह पुसलं की आपण त्याच ‘कमी’ शब्दाच्या बागेत जाऊन पोचतो, जो अंधूक फोटोत ‘जास्त’च्या जागी वाचला जाऊ शकला असता. हा योगायोग नाही. x² + 3x − 130 मध्ये x च्या जागी −x लिहा; x² तसाच राहतो, 3x चं −3x होतं, आणि मिळतं x² − 3x − 130 = 0. हे समीकरण ‘दुपटीपेक्षा 6 ने कमी’ या गणिताचं आहे. त्याची मुळं 13 आणि −10. एका गणिताचं ऋण मूळ चिन्ह बदललं की दुसऱ्या गणिताचं धन मूळ. म्हणून −13 मधून 13 काढून घेणं म्हणजे विचारलेलं गणित सोडून न विचारलेलं गणित सोडवणं.

मग मुलांना ही सवय लागते कशी? सोप्या गणितांमुळे. हे गणित पाहा: “लांबी रुंदीपेक्षा 16 मीटरने जास्त, क्षेत्रफळ 260 चौमी.” इथे दुप्पट नाही. समीकरण x² + 16x − 260 = 0, मुळं 10 आणि −26. चिन्ह पुसलं की 10 आणि 26, आणि हीच बागेची खरी रुंदी आणि लांबी! मुलाला वाटतं, दोन्ही मुळं म्हणजे दोन्ही बाजू, उणे तेवढं काढून टाकायचं. उत्तर बरोबर आलं म्हणून कोणी टोकत नाही. मग ‘दुप्पट’, ‘तिप्पट’ असे शब्द असलेलं गणित आलं की ही रीत कोलमडते, आणि का कोलमडली ते त्याला कळत नाही. तुमच्या वहीत अशी गणितं असतील तर परत जाऊन बघा: लांबी x + 16 मध्ये x = 10 घालून काढली आहे की −26 चं चिन्ह पुसून उचलली आहे?

हे नुसतं फळ्यावर सांगून पटत नव्हतं, म्हणून एकदा मुलांना घेऊन घराजवळच्या मोकळ्या जागेत गेले. चार खुंट्या, सुतळी, मोजायचा टेप आणि कबड्डीचं मैदान आखायला वापरतात ती फक्की घेतली. आधी 10 बाय 26 चा आयत आखला, मग त्याच कोपऱ्यातून 13 बाय 20 चा. दोन्हींचं क्षेत्रफळ 260, पण जमिनीवर दोन्ही वेगळेच दिसत होते: एक लांबट पट्टा, दुसरा आटोपशीर, जरा चौकोनी. मग सुतळी कडेने फिरवून मोजली. पहिल्याची परिमिती 72 मीटर, दुसऱ्याची 66. एका मुलाचे वडील बाजूला उभे राहून हे बघत होते. दुसऱ्या बागेसाठी आणलेली तार पहिल्या बागेला लावली तर काय होईल, असं मी मुलांना विचारलं, आणि उत्तर त्या वडिलांनीच दिलं: “तार कमी पडनी ना भो!” सहा मीटरने कमी पडेल. त्या दिवसानंतर चिन्ह पुसलेलं 13 माझ्याकडे फारसं कोणी आणलं नाही.

लांबी काढा, ताळा घ्या, एकक लिहा

x = 10 मिळालं की गणित संपलं असं वाटतं, पण प्रश्न लांबी आणि रुंदी दोन्हींचा आहे. लांबी = 2 × 10 + 6 = 26. ताळा दोन अटींचा घ्या: 26 हे 10 च्या दुपटीपेक्षा 6 ने जास्त आहेत का? आहेत. 10 × 26 = 260 होतात का? होतात. हा ताळा बदललेल्या समीकरणावर घेऊ नका, गणिताच्या मूळ वाक्यावर घ्या. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर समीकरणावरचा ताळा तरीही बरोबर येईल. वाक्यावरचा येणार नाही.

उत्तर: बागेची रुंदी 10 मी आणि लांबी 26 मी आहे.

‘ऋण मूळ सोडा’ एवढ्यावर भागत नाही

आता दोन गणितं अशी, जिथे हा नियम पाठ करून ठेवलेला मुलगा अडतो. दोन्हींत बाग आपलीच आहे.

पहिलं: “आयताकृती बागेची परिमिती 72 मी आणि क्षेत्रफळ 260 चौमी आहे. बाजू काढा.” लांबी आणि रुंदी मिळून 36, म्हणून एक बाजू x तर दुसरी 36 − x.

x(36 − x) = 260
x² − 36x + 260 = 0
(x − 10)(x − 26) = 0

दोन्ही मुळं धन. यातलं एक सोडायचं म्हणून कारण शोधत बसू नका. x = 10 घेतलं तर दुसरी बाजू 26, x = 26 घेतलं तर दुसरी 10. बाग एकच, तुम्ही कोणत्या बाजूला x म्हणालात एवढाच फरक.

दुसरं जास्त अवघड आहे: “26 मी लांब आणि 10 मी रुंद बागेच्या आतल्या कडेने सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची पायवाट केली. आत उरलेल्या जागेचे क्षेत्रफळ 132 चौमी आहे. पायवाटेची रुंदी काढा.” पायवाटेची रुंदी x मानली तर ती दोन्ही बाजूंनी जागा खाते, म्हणून आतली लांबी 26 − 2x आणि आतली रुंदी 10 − 2x. इथे 26 − x लिहायची चूक होते. आकृतीत दोन्ही टोकांना x लिहा म्हणजे होणार नाही.

(26 − 2x)(10 − 2x) = 132
260 − 72x + 4x² = 132
4x² − 72x + 128 = 0
x² − 18x + 32 = 0
(x − 2)(x − 16) = 0

x = 2 किंवा x = 16. दोन्ही धन! ‘ऋण मूळ सोडा’ एवढंच लक्षात ठेवलेला मुलगा इथे दोन्ही उत्तरं लिहून देतो. पण बाग मुळात 10 मीटर रुंद आहे, तिच्यात दोन्ही बाजूंनी 16 मीटरची पायवाट बसेल कशी? x = 16 घातलं तर आतली लांबी 26 − 32 = −6 आणि आतली रुंदी 10 − 32 = −22. दोन्ही ऋण, आणि गुणाकार पुन्हा 132. मघाशी −13 आणि −20 यांनी केलं तेच इथे −6 आणि −22 यांनी केलं. फरक इतकाच की या वेळी ऋण संख्या x मध्ये दिसली नाही, बाजूंमध्ये लपली होती.

म्हणून अट फक्त x वर लिहून चालत नाही. आकृतीत जेवढ्या लांब्या आहेत, त्या सगळ्या धन हव्यात. या गणितात x > 0 आणि 10 − 2x > 0, म्हणजे x हा 0 आणि 5 यांच्या मधे. 26 − 2x वेगळं बघायची गरज नाही, आखूड बाजू धन असली की लांब बाजू असतेच. ही ओळ गणित सुरू करतानाच लिहून ठेवा, आणि शेवटी असं मांडा:

x = 16 घेतल्यास आतील रुंदी 10 − 32 = −22 मी येते, जी शक्य नाही. म्हणून x ≠ 16.
∴ पायवाटेची रुंदी 2 मी.

ताळा: आतली लांबी 22, आतली रुंदी 6, गुणाकार 132.